जबाबदारी कमी करणारं पत्र

चाकण आणि रांजणगाव इथे एकाच कंपनीचे दोन कारखाने आहेत, असं धरू. दोन्हीकडे स्वतंत्र क्वालिटी विभाग, दोन्हीकडे एकेक क्वालिटी मॅनेजर. कंपनी पुनर्रचना करते, दोन्ही विभाग एक होतात आणि खुर्ची एकच उरते. ती रांजणगावच्या मॅनेजरला मिळते. चाकणचे मॅनेजर चौदा वर्षं नोकरीत आहेत आणि त्यांच्या हाताखाली अठरा माणसं आहेत. त्यांना नवं काम दिलं जातं ते पुरवठादारांकडून येणाऱ्या मालाची गुणवत्ता पाहण्याचं. हुद्द्याचं नाव भारदस्त असतं, ‘वरिष्ठ तज्ज्ञ’. पण हाताखाली कुणी नाही, बजेट नाही आणि खरेदी थांबवण्याचा अधिकारही नाही. मग एके दिवशी एचआरमधून पत्र येतं.

अशी पत्रं लिहिणं हा माझ्या कामाचाच भाग आहे, आणि ती वाचणाऱ्याच्या मनात काय चालतं तेही मी जवळून पाहिलंय. बहुतेक पत्रांची सुरुवात ‘आपल्याला कळवताना आनंद होतो’ अशी असते. ही ओळ आधी काढून टाकावी. ज्याची अठरा माणसं गेली त्याला आनंदाची बातमी म्हणून ती सांगितली, की पुढच्या एकाही वाक्यावर त्याचा विश्वास बसत नाही. काम लहान झालंय हे पत्रात सरळ लिहावं: ‘१ तारखेपासून चाकण क्वालिटी विभागाचं प्रमुखपद राहणार नाही. त्या विभागातली माणसं, त्यांचं अप्रेझल आणि विभागाचा खर्च या जबाबदाऱ्या आपल्याकडे नसतील.’ वाचायला हे कठोर वाटतं. पण काय गेलं हे कागदावर नसेल, तर सहा महिन्यांनी चाकणच्या लाइनवर दोष सापडल्यावर जाब त्यांनाच विचारला जातो.

त्यानंतर येतं कारण. कारण पुनर्रचनेचं असेल तर पत्रात तेवढंच यावं: कोणते विभाग एकत्र झाले, कोणतं पद संपलं, निर्णय कधी झाला. अनेक साहेबांना इथे ‘आपली अलीकडची कामगिरी पाहता’ असे चार शब्द घालायचा मोह होतो. ते शब्द आले की पत्राचा अर्थच बदलतो. पद संपल्यामुळे काम बदलणं वेगळं आणि शिक्षा म्हणून पदावनती वेगळी. शिक्षेसाठी आरोपपत्र, चौकशी, बाजू मांडायची संधी हे सगळं लागतं, आणि वाद कोर्टात गेला तर कागदावरच्या नावापेक्षा त्यामागचा हेतू तपासला जातो. शिवाय हे पत्र त्या माणसाच्या फाइलमध्ये कायमचं राहतं. पाच वर्षांनी नवा साहेब फाइल उघडेल तेव्हा ‘यांना खाली का आणलं’ याचं उत्तर त्याला त्या एका परिच्छेदातूनच मिळणार असतं. म्हणून ‘हा बदल आपल्या कामगिरीमुळे झालेला नाही’ हे वाक्य, ते खरं असेल तर, स्पष्टपणे लिहिलेलं असावं.

पगाराचा परिच्छेद मात्र दोनदा वाचावा. ‘आपल्या एकूण पगारात बदल होणार नाही’ हे वाक्य पुरेसं नाही. चाकणच्या मॅनेजरांचा महिन्याचा पगार ८०,००० रुपये आहे आणि त्यात बेसिक ४८,००० आहे, असं समजा. नव्या ग्रेडमध्ये बेसिक ४०,००० बसतं आणि उरलेले ८,००० घरभाडं आणि प्रवासभत्त्यात वाढवून दिले जातात. बेरीज तीच, ८०,०००. पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जात असेल तर त्यांची १२ टक्के कपात ५,७६० वरून ४,८०० वर येते, म्हणजे पहिल्या महिन्यात हातात ९६० रुपये जास्तच पडतात. साहजिकच कुणी तक्रार करत नाही. पण कंपनीचा वाटाही तेवढाच घटतो, आणि तो दर महिन्याला घटत राहतो.

खरा फटका ग्रॅच्युइटीत बसतो. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर काढतात: महिन्याचे २६ दिवस धरून, नोकरीच्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचं वेतन. बेसिक ४८,००० असताना चौदा वर्षांची रक्कम सुमारे ३,८७,७०० होते. तेच ४०,००० झालं की ती ३,२३,१०० वर येते. म्हणजे ज्या चौदा वर्षांत त्यांनी मोठी जबाबदारी सांभाळली, त्या वर्षांचे जवळपास ६४,६०० रुपये एका पत्राने कमी झाले. अपंगत्वामुळे पगार घटला तर आधीची वर्षं जुन्या वेतनाने आणि नंतरची नव्या वेतनाने मोजायची सोय कायद्यात आहे. पुनर्रचनेसाठी तशी सोय नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या संहितांत भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरला जातो, त्यामुळे बेसिक फार खाली ओढता येत नाही. आपल्या उदाहरणात मात्र भत्ते बरोबर निम्म्यावर थांबलेत, म्हणून हा नियम मदतीला येत नाही.

सरळ मार्ग म्हणजे बेसिकला हात न लावणं. कंपनीला नवी ग्रेड पाळायचीच असेल, तर जुनं बेसिक गोठवावं आणि ग्रेड त्याला गाठेपर्यंत वाढ थांबेल असं लिहावं. वाढ थांबणं कुणालाच आवडत नाही, पण ते डोळ्यांसमोर होतं आणि आधीची वर्षं शाबूत राहतात. या वर्षीचा बोनस जुन्या हुद्द्याचे किती महिने आणि नव्या हुद्द्याचे किती महिने असा मोजणार, गाडी किंवा विम्याची मर्यादा ग्रेडशी जोडलेली असेल तर ती कधी बदलणार, हेही त्याच परिच्छेदात यावं.

नवं रिपोर्टिंग लिहिताना नुसतं नाव देऊन भागत नाही. रजा कोण मंजूर करणार, अप्रेझल कोण लिहिणार, आणि पुरवठा विभागाचे प्रमुख व क्वालिटी प्रमुख यांच्या सूचना एकमेकांविरुद्ध गेल्या तर कुणाची पाळायची, हे ठरलेलं असावं. नवा साहेब काल बरोबरीचा किंवा हाताखालचा असेल तर ती गोष्ट समोरासमोर बसून आधी सांगावी. माणसाला ती पत्रातून कळणं हा अपमान आहे, आणि मी पाहिलेल्या बऱ्याच राजीनाम्यांचं मूळ पगारापेक्षा तिथेच होतं.

पत्र हाती आलं की सहीची घाई करू नये. शेवटी ‘मान्य’ असं छापलेलं असेल तर ते खोडून ‘पत्र मिळाले’ असं लिहावं, तारीख घालावी आणि एक प्रत मागून घ्यावी. हरकत असेल तर दोन-चार दिवसांत वेगळ्या पत्राने किंवा मेलने कळवावी. काहीच न कळवता नवं काम करत राहिलं, तर पुढे त्या गप्प राहण्यालाच संमती म्हटलं जातं. कायद्याच्या व्याख्येतल्या कामगाराच्या वेतनात किंवा ग्रेडच्या वर्गवारीत असा बदल करायचा तर कंपनीला २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. व्यवस्थापकीय काम करणाऱ्यांना, आणि महिना १८,००० च्या वर वेतन असलेल्या सुपरवायझरना, हे संरक्षण नाही. चाकणच्या मॅनेजरांना म्हणून आपलं जुनं नेमणूकपत्र काढून पाहावं लागेल. कंपनी कामाचं स्वरूप किंवा ठिकाण बदलू शकते असं कलम त्यात बहुधा असतं. त्या कलमातून बेसिक कमी करण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही, आणि त्यांच्या उत्तरातला पहिला मुद्दा हाच असायला हवा.