विनिमय दराची ओव्हरशूटिंग: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मौद्रिक धोरणात अनपेक्षित बदल झाला की चलनाचा भाव काही तासांतच मोठी उडी घेतो आणि पुढे महिनोन्महिने त्या उडीतला काही भाग हळूहळू ओसरत जातो. भावाने अशा रीतीने आपल्या दीर्घकालीन पातळीच्याही पलीकडे जाण्याला अर्थशास्त्रात ‘ओव्हरशूटिंग’ म्हणतात. सट्टेबाजांचे भान सुटल्यामुळेच असे घडते, हा याविषयीचा सर्वांत चिवट गैरसमज आहे. रुडिगर डॉर्नबुश यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात मात्र सगळे व्यवहारकर्ते पुढचा हिशोब अचूक करतात आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, भाव मर्यादा ओलांडतो. १९७३ नंतर प्रमुख चलने तरती झाली तेव्हा दर शांतपणे हलतील अशी अनेकांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते बरेच उसळले आणि त्या उसळीचे एक तर्कशुद्ध स्पष्टीकरण या प्रतिमानाने दिले.

त्याचा गाभा वेगांच्या तफावतीत आहे. चलनाचा भाव क्षणात बदलू शकतो, पण वस्तूंच्या किमती आणि मजुरी, करार व दरपत्रके यांनी बांधलेल्या असल्याने, सावकाश बदलतात. समजा, पौंडाचा भाव २.०० डॉलर असताना ब्रिटनने पैशाचा पुरवठा अचानक आणि कायमचा १० टक्क्यांनी घटवला (आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत). काही वर्षांनी तिथल्या किमतीही तेवढ्याच उतरतील आणि पौंड सुमारे २.२० डॉलरवर स्थिरावेल, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र आज किमती जुन्याच आहेत आणि हाती पैसा कमी आहे, त्यामुळे व्याजदर चढतो. तो अमेरिकेतल्या दरापेक्षा पहिल्या वर्षी ३, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी १ टक्का जास्त राहील, असे धरू. पौंड लगेच २.२० वर जाऊन थांबला, तर लंडनमध्ये ठेव ठेवणाऱ्याला घसरणीची भीती नसताना जादा व्याज मिळेल. अर्थातच सगळे पौंड घ्यायला धावतील आणि भाव आणखी चढेल. तो सुमारे २.३३ वर पोचला की ही धाव थांबते, कारण तिथून वर्षागणिक २.२७, २.२२ आणि २.२० असे उतरत येताना पौंड जितका घसरतो तितकेच जादा व्याज ठेवीदाराला मिळालेले असते. दोन देशांतल्या व्याजातला फरक आणि चलनाच्या भावातला अपेक्षित बदल यांची अशी बरोबरी होण्याला व्याजदर समता म्हणतात.

यातूनच दुसरा गैरसमज दूर होतो. व्याजदर चढा आहे तोवर चलन वधारतच राहणार, असे बातम्या वाचताना सहज वाटते. या तर्कानुसार मात्र वधारण्याचा भाग बातमीच्या क्षणीच उरकतो आणि चढ्या व्याजाचा काळ हा चलन उतरण्याचा काळ असतो.

या तर्काची आठवण करून देणारी घटना ब्रिटनमध्येच घडली. मे १९७९ मध्ये आलेल्या थॅचर सरकारने चलनवाढ मोडण्यासाठी पैशाच्या पुरवठ्यावर लगाम घालण्याचे धोरण घेतले आणि नोव्हेंबरमध्ये बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर १७ टक्क्यांवर नेण्यात आला. सत्तांतराच्या सुमारास दोन डॉलरच्या किंचित वर असलेला पौंड १९८० च्या अखेरीस २.४० च्या आसपास पोचला. देशात मजुरी व किमती झपाट्याने वाढत असतानाच पौंडही महागल्यामुळे निर्यातदार कारखानदार दोन्हीकडून भरडला गेला आणि कारखानदारी उत्पादनात मोठी घट झाली. तरीही सगळी चढ धोरणाच्या खाती मांडणे बरोबर नाही: त्याच काळात तेल महागले होते आणि उत्तर समुद्रातल्या तेलामुळे ब्रिटनच्या चलनाला वेगळेच बळ मिळत होते. यातला किती वाटा कशाचा, यावर अर्थशास्त्रज्ञांत मतभेद राहिले. पौंड १९८५ च्या सुरुवातीला १.१० डॉलरच्याही खाली गेला, म्हणून प्रतिमान सिद्ध झाले असे म्हणणेही घाईचे ठरेल, कारण त्या घसरणीत डॉलरच्या स्वतःच्या तेजीचा मोठा हात होता.

तिसरा गैरसमज अभ्यासकांच्याच जवळचा आहे, तो म्हणजे परतीची वाट ठरावीक आणि नेमकी असते असे मानणे. आयकेनबाउम आणि इव्हान्स यांनी १९९५ मध्ये अमेरिकी आकडेवारीवरून दाखवले की धोरण आवळल्यानंतर डॉलर एका फटक्यात शिखर गाठत नाही. तो दीर्घकाळ चढत राहतो आणि मगच उतरू लागतो. व्याजदर समता प्रत्यक्षात, विशेषतः थोड्या मुदतीत, बऱ्याचदा ढळते. त्यामुळे चलन दीर्घकालीन पातळीच्या पलीकडे का जाते हे समजून घ्यायला डॉर्नबुश यांचे प्रतिमान उत्तम आहे, मात्र चलन कोणत्या महिन्यात माघारी फिरेल हे सांगायला अपुरे आहे.