बावीस अंशांची वीज

विषुववृत्ताजवळच्या समुद्राचा पृष्ठभाग वर्षभर 28-29 अंश सेल्सिअसवर असतो आणि हजार मीटर खाली तेच पाणी सातेक अंशांवर येतं. या फरकावर इंजिन चालवता येईल, ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ आर्सेन द'आर्सोनव्हाल यांनी 1881 मध्ये मांडली. कोळसा नको, तेल नको, शिवाय सौरऊर्जेसारखी रात्रीची अडचण नाही. तरीही आजवर उभे राहिलेले प्रकल्प किलोवॉटांत मोजावे लागतात. याचं कारण सादी कार्नो यांनी 1824 मध्येच सांगून ठेवलं होतं.

उष्णतेपासून काम करून घेणारं कुठलंही यंत्र गरम बाजूकडून उष्णता घेतं, तिच्यातली थोडी कामाला लावतं आणि उरलेली थंड बाजूला सोडून देतं. कामाला लागणारा वाटा जास्तीत जास्त किती, हे फक्त दोन तापमानांवर ठरतं: दोन्हींतला फरक भागिले गरम बाजूचं केल्विनमधलं तापमान. चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रात वाफ साधारण 540 अंशांवर असते, त्यामुळे ही कमाल मर्यादा साठ टक्क्यांच्या आसपास जाते. समुद्रात 29 अंश म्हणजे 302 केल्विन आणि फरक 22. भागाकार सात टक्क्यांच्या जरा वर येतो. यंत्र कितीही उत्तम बनवलं तरी त्र्याण्णव टक्के उष्णता परत समुद्रातच जाणार.

यावर लगेच येणारा प्रश्न असा, की समुद्राची उष्णता फुकट आहे, मग कार्यक्षमता सात टक्के असो की एक, बिघडलं कुठे? प्रश्न रास्त आहे. पण उष्णता फुकट असली तरी ती घेऊन येणारं पाणी पंपानं हलवावं लागतं, आणि पंप वीज खातो. या तंत्राचं गणित जमतं किंवा फसतं ते इथे.

तामिळनाडूतल्या तुतिकोरिनजवळच्या समुद्रासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेनं ‘सागर शक्ती’ नावाच्या बार्जवर एक मेगावॉटचा प्रकल्प आखला होता. त्याच आकाराचं एक ढोबळ उदाहरण सोडवून पाहू. पृष्ठभागाच्या पाण्यानं अमोनिया उकळायचा, त्या वाफेवर टर्बाइन फिरवायचं आणि खोलच्या पाण्यानं वाफ पुन्हा द्रव करायची. पृष्ठभागाचं पाणी 29 अंशांवर आत येतं आणि उष्णता देऊन 26 वर बाहेर पडतं. उष्णता धातूच्या पत्र्यातून पलीकडे जायची तर पलीकडची बाजू आणखी थंड हवी, म्हणून अमोनिया 24 अंशांवर उकळतो. दुसऱ्या टोकाला खोलचं पाणी 7 वरून 11 पर्यंत तापतं आणि अमोनिया 13 वर द्रव होतो. म्हणजे समुद्रानं 22 अंश दिले, पण टर्बाइनच्या वाट्याला आले फक्त 11. अमोनियाचा दाब एका बाजूला साधारण 9.7 बार आणि दुसऱ्या बाजूला 6.8. एवढ्याशा दाबफरकावर सगळं टर्बाइन फिरायचं आहे. या 11 अंशांची कार्नो मर्यादा पावणेचार टक्क्यांच्या खालीच राहते, आणि टर्बाइन-जनित्रातले तोटे धरले की तीन टक्के उरतात.

पत्र्यातून उष्णता जाताना हरवलेले ते 11 अंश कारागिरी कमी पडली म्हणून गेलेले नाहीत. ते वाचवायचे तर हीट एक्स्चेंजर प्रचंड मोठे करावे लागतील किंवा पाणी खूपच जास्त फिरवावं लागेल. कार्नोची पूर्ण मर्यादा गाठायची तर उष्णता इतकी सावकाश न्यावी लागते, की वीज जवळपास शून्यावर येते. त्यामुळे साधारण निम्मा फरक उष्णता वाहण्यात आणि निम्मा टर्बाइनवर खर्च करणं, हीच तडजोड फायद्याची ठरते.

आता पाण्याचा हिशेब. एक मेगावॉट विजेसाठी तीन टक्क्यांच्या हिशेबानं 33 मेगावॉट उष्णता हवी. एक किलो पाणी तीन अंशांनी थंड झालं तर सुमारे 12 किलोजूल देतं. म्हणजे दर सेकंदाला पावणेतीन टन गरम पाणी आणि जवळपास दोन टन थंड पाणी लागेल, तेही अखंड.

हे थंड पाणी हजार मीटर वर उचलावं लागतं असं वाटेल, पण तसं नाही. बादलीत नळी बुडवली की नळीतलं पाणी बाहेरच्या पातळीइतकं आपोआप चढतं, तसंच इथेही होतं. थंड पाणी थोडं जड असल्यामुळे मीटरभराचा फरक राहतो, एवढंच. खरा खर्च होतो तो घर्षणात. एक मीटर व्यासाच्या, किलोमीटरभर लांबीच्या पाइपातून सेकंदाला दोन टन पाणी वाहताना सुमारे चार मीटर उंचीइतका दाब वाया जातो. हीट एक्स्चेंजरमधला अडथळा धरून आठ मीटर म्हणू. दोन्ही बाजूंचे पंप मिळून 320 किलोवॉट खातात, हातात राहतात 680. अमोनियाचा पंप आणि इतर खर्च त्यातूनच जायचे आहेत. ‘सागर शक्ती’कडूनही निव्वळ वीज एकूण विजेच्या निम्म्याच्या आसपास मिळेल अशी अपेक्षा होती.

समजा समुद्राचा फरक 22 ऐवजी 20 अंश आहे. फरक घटला की कार्यक्षमता घटते आणि तेवढ्याच पाण्यातून घेता येणारी उष्णताही घटते. म्हणून वीज फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते आणि 1000 किलोवॉटचे 826 होतात. पंपांचे 320 मात्र तेवढेच राहतात. निव्वळ वीज 680 वरून 506 वर, म्हणजे दोन अंशांत चौथा हिस्सा गेला. फरक 14 अंशांवर आला तर हाती 85 किलोवॉटच उरतात. हा 14 चा आकडा मी मुद्दाम घेतला आहे. द'आर्सोनव्हाल यांचे शिष्य जॉर्ज क्लोद यांनी 1930 मध्ये क्युबातल्या मातान्झास उपसागरात पहिला प्रकल्प चालवला, तेव्हा त्यांना एवढाच फरक मिळाला होता. टर्बाइननं 22 किलोवॉट दिले, पण यंत्रणा चालवायला त्याहून जास्त वीज लागली. त्याउलट 1979 मध्ये हवाईजवळच्या ‘मिनी-ओटेक’ बार्जनं सुमारे 50 किलोवॉट निर्माण केले आणि पंपांचा खर्च भागवून पंधराच्या वर शिल्लक ठेवले.

अशा यंत्रात एकेका अंशावर पहारा ठेवावा लागतो. पृष्ठभागाच्या उबदार पाण्यात जीवजंतू भरपूर असल्यानं पत्र्यावर शेवाळी बुळबुळीत थर धरतो. बाहेर पडणारं पाणी आणि उकळता अमोनिया यांच्यातला दोन अंशांचा फरक तीनकडे सरकू लागला, की थर साचला असं समजायचं आणि थोडं क्लोरीन सोडायचं. थंड बाजूला हा त्रास जवळजवळ नसतो.

पाइपाचं दुखणं मात्र जुनं आहे. क्लोद यांचे आधीचे पाइप समुद्रानं गिळले होते, ‘सागर शक्ती’चाही बसवताना गमावला. जाड पाइपात घर्षणाचं प्रमाण झपाट्यानं कमी होतं, म्हणून मोठा प्रकल्प कागदावर चांगला दिसतो. पण शंभर मेगावॉटसाठी दहा मीटर व्यासाचा, किलोमीटरभर लांब पाइप लाटांखाली टांगावा लागेल, आणि असा पाइप आजवर कुणी टाकलेला नाही. कोकण किनाऱ्यासाठी तर हा विचारच दूरचा आहे, कारण मुंबईपुढे समुद्रतळ दोन-तीनशे किलोमीटर उथळच राहतो.

लक्षद्वीपची बेटं मात्र खोल समुद्रातून सरळ वर आलेली आहेत. तिथे कवरत्तीत त्याच संस्थेनं 2005 मध्ये टर्बाइनच वगळलं. सुमारे 350 मीटरवरून बारा-तेरा अंशांचं पाणी आणायचं, पृष्ठभागाचं पाणी निर्वात पात्रात सोडायचं, थोडी वाफ होते ती थंड पाण्यानं गोठवून नव्हे, निववून गोळा करायची, आणि मिळतं ते गोडं पाणी. पाणी सहा अंशांनी निवलं तर त्यातला शंभरावा हिस्सा वाफ होतो, म्हणजे दिवसाला एक लाख लिटर पिण्याच्या पाण्यासाठी कोटीभर लिटर समुद्र उपसावा लागतो. टर्बाइनसाठी जो फरक तुटपुंजा ठरला असता, तो इथे पुरतो, कारण इथे उष्णतेचं काम करायचंच नाही, ती फक्त एका पाण्यातून दुसऱ्यात न्यायची आहे. पंप आणि निर्वात यंत्रणा मात्र वीज मागतातच, आणि बेटावर ती वीज बहुतांश डिझेल जाळून आली आहे. म्हणूनच संस्थेनं पुढची पायरी म्हणून कवरत्तीतच समुद्राच्या उष्णतेवर चालणारा छोटा वीजसंच आखला, फक्त हे पंप चालवण्यापुरता.