होकाराचे वजन

गुणात्मक संशोधनाच्या प्रबंधात विश्वासार्हतेच्या प्रकरणात दोन दावे हटकून भेटतात. निष्कर्ष सहभागींना दाखवून त्यांच्याकडून पडताळून घेतले, हा पहिला. त्याला मेंबर चेकिंग म्हणतात. मुलाखती, निरीक्षणे आणि नोंदी एकमेकींशी जुळल्या, हा दुसरा, तो ट्रँग्युलेशनचा. लिंकन आणि गुबा यांनी 1985 मध्ये मेंबर चेकिंगला विश्वासार्हतेचे सर्वांत महत्त्वाचे तंत्र ठरवले. या दाव्यांत किती दम आहे, हे एका जुन्या अभ्यासावरून तपासता येते.

विल्यम फूट व्हाइट 1937 पासून बोस्टनच्या नॉर्थ एंड या इटालियन वस्तीत राहिले आणि 1943 मध्ये 'स्ट्रीट कॉर्नर सोसायटी' प्रसिद्ध केले. नाक्यावरच्या टोळक्यात ज्याचे स्थान वरचे, त्याचे बोलिंगमधले गुणही साधारणपणे वरचे, असे त्यांना दिसले. अलेक हा खालच्या स्थानावरचा मुलगा एरवी चांगला खेळे, पण सगळ्या गटासमोरच्या चुरशीच्या सामन्यात मागे पडला. इथे गुणांचा तक्ता आणि निरीक्षण एकाच दिशेने बोट दाखवतात. तरीही कोणाचे स्थान वरचे, हे ठरवणारी नजर व्हाइट यांचीच होती आणि खेळणाऱ्यांत ते स्वतःही होते. ट्रँग्युलेशन हा शब्द मुळात जमीनमोजणीचा. तिथे आधाररेषा आधी मोजलेली असते आणि एका कोनातली चूक दुसऱ्या कोनात आपोआप उतरत नाही. समाजाच्या अभ्यासात अशी मोजलेली रेषा नसते. दोन्ही पुरावे एकाच माणसाच्या हातून आले असतील, तर त्याची चूक दोन्हींत शिरते आणि तरीही ते छान जुळतात.

आता पडताळणी. व्हाइट यांच्या सांगण्यानुसार त्यांनी हस्तलिखित 'डॉक' या टोपणनावाच्या आपल्या मुख्य माहितगारासोबत वाचले. डॉकला संकोच वाटला, पण घडले ते असेच, असे त्याने मान्य केले. मात्र डॉक टोळक्याचा म्होरक्या होता. म्होरक्याला पटलेले चित्र म्हणजे म्होरक्याच्या जागेवरून दिसणारे चित्र. त्याच्या होकारातून अलेकचे मत कळत नाही.

पुढे मारियान बोलेन यांनी वस्तीत पुन्हा जाऊन लोकांशी बोलणी केली आणि 1992 मध्ये लिहिले की, हस्तलिखित लोकांना दाखवलेच नव्हते. व्हाइट यांनी ते नाकारले. अँजेलो राल्फ ओरलांडेला त्यांच्या बाजूने उभा राहिला. म्हणजे पडताळणी झाली की नाही, यावरच सहभागी आणि त्यांचे आप्त यांच्यात मतभेद. शिवाय बोलेन यांना भेटलेल्यांनी अनेक दशकांनंतर आठवून सांगितले, तेही प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या छायेत.

म्हणून निव्वळ होकार फारसे सिद्ध करत नाही. तो सौजन्याचा, कंटाळ्याचा किंवा संशोधकाच्या दबदब्याचाही असू शकतो. मुलाखतीची उतरवलेली प्रत परत दाखवली, तर शब्द बरोबर टिपले एवढेच कळते. त्यांचा लावलेला अर्थ तपासला जात नाही. नकार मात्र नवी माहिती आणतो: कोणाला, कोणते वाक्य, का खटकले. प्रबंधात हे नोंदलेले असेल, आणि त्यामुळे कोणता निष्कर्ष बदलला किंवा का बदलला नाही हेही लिहिलेले असेल, तर त्या दाव्याला वजन येते.