पोलाद महागले, तर भुर्दंड कोणाला?

छत्रपती संभाजीनगरच्या नव्या पाणीयोजनेचा आकडा १,६८० कोटी रुपयांवरून २,७४० कोटींवर कसा गेला, हा प्रश्न शहरात वारंवार विचारला जातो. परंतु त्याचे उत्तर कंत्राटदाराच्या वा अधिकाऱ्याच्या हेतूत शोधण्याआधी कराराच्या स्वरूपात शोधावे लागते, कारण अनपेक्षित खर्च कोणी सोसायचा हे निविदेच्या अटींनीच बऱ्याच अंशी ठरवलेले असते.

योजनेतील सर्वांत ठळक घटक म्हणजे जायकवाडीपासून शहरापर्यंतची सुमारे ३९ किलोमीटर लांबीची आणि २,५०० मिलिमीटर व्यासाची पोलादी जलवाहिनी. तिच्या पत्र्याची जाडी हिशेबापुरती १६ मिलिमीटर धरली, तर एका मीटरला जवळपास एक टन आणि संपूर्ण वाहिनीला सुमारे ३९ हजार टन पोलाद लागते. डिसेंबर २०२० मध्ये योजनेचे भूमिपूजन झाले आणि त्यानंतरच्या दीड वर्षात देशात पोलादाचे दर इतके चढले, की मे २०२२ मध्ये केंद्र सरकारला निर्यातशुल्क लावावे लागले. टनामागे २० हजार रुपयांची वाढ गृहीत धरली, तरी या एका वाहिनीवर ७८ कोटी रुपयांचा बोजा येतो, आणि तो कोणाच्या खात्यावर पडेल याचे उत्तर कराराच्या प्रत्येक प्रकारात वेगळे असते.

निश्चित किमतीच्या करारात, म्हणजे ठरलेले काम ठरलेल्या रकमेत करून देण्याच्या करारात, हे ७८ कोटी कंत्राटदाराचे नुकसान ठरतात. वरवर पाहता महापालिकेसाठी ही सर्वांत सुरक्षित व्यवस्था वाटते. प्रत्यक्षात मात्र अनुभवी कंत्राटदार ही जोखीम आधीच दरात मिळवतो, आणि काम मिळवण्याच्या ओढीने ज्याने ती मिळवलेली नसते, तो भाव चढताच पाइपांची मागणी लांबवतो व काम रेंगाळते. जोखीम कागदावर कंत्राटदाराची राहते, परंतु टँकरचे पैसे मोजणारे नागरिक तिचा हप्ता आधीच भरू लागलेले असतात.

खर्च-परतफेडीच्या करारात झालेला खर्च अधिक मोबदला असे देणे असल्याने तेच ७८ कोटी मालकाकडे येतात. मोबदला जर खर्चाच्या टक्केवारीत ठरला असेल, तर खर्च वाढवण्यातच कंत्राटदाराचा लाभ असतो, आणि म्हणूनच अमेरिकेच्या संघराज्य सरकारने खरेदीत या टक्केवारीच्या प्रकारावर बंदी घातली आहे. भारताच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्येही असे करार एरवी टाळावेत असे म्हटले आहे. ही सावधगिरी योग्यच आहे, कारण कंत्राटदाराचे प्रत्येक बिल तपासण्याइतकी लेखा-यंत्रणा आपल्या नगरपालिकांकडे क्वचितच असते.

वेळ-व-साहित्य करारात मजुरीचा तासाचा वा दिवसाचा दर ठरलेला असतो, तर किती तास लागतील हे ठरलेले नसते. शहराला आजवर पाणी पुरवणाऱ्या ७०० आणि १,४०० मिलिमीटरच्या जुन्या वाहिन्यांवरील गळतीदुरुस्ती हे त्याचे स्वाभाविक क्षेत्र होय, कारण खोदल्याशिवाय तडा किती लांब आहे हे कळत नाही. येथे दराची जोखीम कंत्राटदाराची आणि तासांची मालकाची असते. त्यामुळे रकमेला कमाल मर्यादा नसेल आणि हजेरीपटावर त्याच दिवशी सही होत नसेल, तर बिल आटोक्यात राहत नाही.

मोठ्या सार्वजनिक कामांत यांपैकी कोणताही प्रकार शुद्ध स्वरूपात क्वचितच आढळतो. महाराष्ट्रात टक्केवारी दराची बी-१, बाबनिहाय दराची बी-२ आणि एकमुठी रकमेची सी अशा नमुन्यांत निविदा निघतात, आणि दीर्घ मुदतीच्या कामांत त्यांना भावफरकाचे कलम जोडले जाते. निविदेच्या वेळचा निर्देशांक आणि काम झाले त्या काळचा निर्देशांक यांच्यातील फरकाने ते कलम चालते, म्हणजे कंत्राटदाराने प्रत्यक्षात कोणत्या भावाने खरेदी केली याच्याशी त्याचा संबंध नसतो. बाजाराची जोखीम मालकाने आणि कार्यक्षमतेची कंत्राटदाराने वाहावी, अशी ही विभागणी असून तिन्ही प्रकारांपेक्षा ती अधिक न्याय्य म्हणावी लागेल.

या दृष्टीने पाहिले, तर १,०६० कोटींचा फरक एका रकमेत वाचणे चुकीचे ठरते. त्यातील भाववाढ किती, मूळ अंदाजपत्रकापेक्षा जास्त भरलेली परिमाणे किती आणि नव्याने जोडलेली कामे किती, हे तीन आकडे सुटे मांडले गेले पाहिजेत, कारण तिन्हींची जबाबदारी वेगळी आहे. भाववाढ बाजाराची असते, परिमाण चुकणे हे सर्वेक्षणाचे अपयश असते आणि वाढीव कामे हा मालकाचाच निर्णय असतो. त्यातही विलंब कंत्राटदारामुळे झाला असेल, तर मूळ मुदतीनंतर वाढलेला निर्देशांक सामान्यतः त्याला मिळत नाही. जागा, परवानगी वा देयके वेळेवर न मिळाल्याने झाला असेल, तर मिळतो. त्यामुळे मुदतवाढीच्या प्रत्येक आदेशात विलंबाचे कारण काय नोंदवले आहे, हे सुधारित अंदाजपत्रकाइतक्याच काटेकोरपणे तपासावे लागते.