हापसा हलका चालतो, पण पाणी येत नाही

हापसा बंद पडला म्हणजे दांडा अडकला असेल, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात बहुसंख्य वेळा उलट घडते. दांडा पूर्वीपेक्षा हलका होतो, लहान मूलही तो सहज खालीवर करू शकते आणि तोटीतून थेंबही पडत नाही. हा हलकेपणा हेच दोषाचे पहिले लक्षण होय. कारण चालत्या हापशावर हाताला जो भार जाणवतो, तो लोखंडाचा नसून पाण्याचा असतो.

कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व भागात, विशेषतः कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमालगतच्या शिरोळ तालुक्यातील गाळाच्या जमिनीत, भूजल उथळ असेल तेथे साधा ओढपंप बसविता येतो. या पंपाचे सिलिंडर जमिनीच्या वर असते व त्यातून एक नळ खाली पाण्यात गेलेला असतो. सिलिंडरात दट्ट्या असून त्याच्या कडेला चामड्याची वाटी बसविलेली असते. दट्ट्यावर एक झडप व सिलिंडरच्या तळाशी दुसरी झडप असते. दांडा खाली दाबला की दट्ट्या वर जातो, त्याच्याखालील हवा विरळ होते आणि विहिरीच्या पाण्यावरील वातावरणाचा दाब पाण्याला नळातून वर ढकलतो. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. ढकलणारी मात्र बाहेरची हवा असते.

या गोष्टीचा हिशेब सोपा आहे. सिलिंडरचा व्यास ७५ मिलिमीटर व पाणी ६ मीटर खाली असेल, तर दट्ट्यावर सुमारे २६ किलोग्रॅम भार येतो. दांड्याची हाताकडील बाजू पाचपट लांब असल्यास हाताला ५ किलोग्रॅमच्या आसपास जोर लावावा लागतो. हा जोर नाहीसा झाला, याचा अर्थ दट्ट्याने पाणी धरलेलेच नाही; त्याच्या कडेने अथवा झडपेतून हवा निसटत आहे.

सर्वांत अधिक झिजतो तो वाटीचा काठ. दट्ट्याच्या प्रत्येक फेरीत तो सिलिंडरच्या भिंतीवर घासला जातो. पाण्यात वाळू असेल किंवा भिंत गंजून खरखरीत झाली असेल, तर झीज झपाट्याने होते. शिवाय चामडे सुकले की आकसते. म्हणूनच उन्हाळ्याच्या सुटीनंतर जूनमध्ये उघडलेल्या शाळेचा पंप, वाटी शाबूत असूनही, पहिल्या दिवशी पाणी देत नाही.

अशा वेळी वरून पाणी ओतण्याचा उपाय सर्वत्र केला जातो. मिस्त्री त्यास प्रायमिंग म्हणतात. पाणी ओतले की वाटी व भिंत यांमधील फट पाण्याने भरते. पाण्याचा चिकटपणा हवेच्या सुमारे ५० पट असल्याने ज्या फटीतून हवा सहज जाते, तेथून पाणी सावकाश झिरपते. तेवढ्या अवधीत पंप जोराने मारला तर खालचे पाणी वर येऊन पोहोचते. म्हणजे ओतलेले पाणी पंप दुरुस्त करीत नाही, ते फट तात्पुरती झाकते. झिजलेली वाटीही या रीतीने काही महिने चालविली जाते व दोष लपून राहतो.

तथापि हेच ओतलेले पाणी दोष कोठे आहे हेही सांगते, जर ते ओतल्यानंतर घाई न करता पाहिले तर. समजा, शाळेचा पंप सुटीनंतर बंद आढळला. दट्ट्यावर एक-दोन लिटर स्वच्छ पाणी ओतावे, चामडे भिजण्यास अर्धा तास द्यावा, खाली गेलेले पाणी पुन्हा भरावे आणि मग वीस-पंचवीस वेळा दांडा मारावा. पाणी आले, दांडा जड झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही पहिल्या काही झटक्यांत पाणी आले, तर चामडे केवळ सुकले होते. ओतलेले पाणी काही क्षणांत कडेने खाली उतरले, पण दुसऱ्यांदा भरल्यावर स्थिर राहिले, तर वरच्या बाजूची वाटी किंवा दट्ट्याची झडप गळते व तळाची झडप ठीक आहे. कितीही ओतले तरी पाणी नाहीसेच होत असेल, तर तळाची झडपही बसत नाही. तिच्यात खडा अडकला आहे काय हे प्रथम पाहावे. पाण्यासोबत सतत बुडबुडे येत असतील तर नळाचा सांधा हवा घेतो.

एक लक्षण मात्र या सर्वांहून वेगळे आहे. दांडा जड लागतो, हात सोडताच उसळून परत येतो आणि पाणी नाही. तेथे वाटी उत्तम आहे. एक तर नळ तुंबला आहे, नाही तर पाणी फार खाली गेले आहे. वातावरणाचा दाब समुद्रसपाटीला पाणी जास्तीत जास्त १०.३ मीटर चढवू शकतो. कोल्हापूर सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने येथे ही मर्यादा ९.७ मीटरच्या जवळ येते, आणि व्यवहारात सहा-सात मीटरपलीकडे ओढपंपाचा भरवसा धरता येत नाही. मे महिन्यात पातळी याखाली गेल्यावर नवी वाटी घालणे हा व्यर्थ खर्च होय.

वाटी बदलणे गावच्या मिस्त्रीला जमण्यासारखे काम आहे. दांड्याची खीळ काढून वरचे झाकण सोडवावे व दट्ट्या सळईसह वर घ्यावा. नवी चामडी वाटी रात्रभर पाण्यात भिजत ठेवावी. तिचा काठ वरच्या बाजूसच असला पाहिजे, कारण वरच्या पाण्याच्या भारानेच तो भिंतीस दाबला जातो. उलटी बसलेली नवी वाटी जुनीइतकीच निरुपयोगी ठरते, आणि ही चूक विरळा नाही. नट अतिशय आवळल्यास वाटीचा तळ पसरतो व दट्ट्या अडकतो. सिलिंडरच्या आत बोट फिरवून पाहावे. भिंत खरखरीत असेल तर ती गुळगुळीत केल्याविना नवी वाटी टिकणार नाही. चप्पलचे चामडे गोल कापून घालण्याचा प्रयत्नही होतो. परंतु सपाट चकतीला काठ नसतो, ओले चामडे साच्यात दाबूनच वाटी घडते.

रोज पाणी ओतावे लागणाऱ्या पंपाचा खरा धोका पाण्याच्या टंचाईपेक्षा निराळा आहे. ओतण्यासाठी हाताशी येईल ते पाणी वापरले जाते: डबक्याचे, गुरांच्या टाकीतील, नदीचे. ते थेट पिण्याच्या पाण्याच्या मार्गात जाते. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ पसरली होती, हे या जिल्ह्यास ठाऊक आहे. तेव्हा पंपाजवळ उकळून गार केलेल्या किंवा क्लोरीन मिसळलेल्या पाण्याचे झाकणबंद भांडे ठेवावे, आणि पंप उघडल्यानंतरचे पहिले पाणी पिण्यास घेऊ नये. २०१९ व २०२१ सारख्या पुरात बुडालेला पंप निर्जंतुक केल्याविना वापरू नये.

जिल्ह्याच्या कातळी भागातील विंधन विहिरींवर मात्र हा सर्व खटाटोप लागू पडत नाही. तेथील 'इंडिया मार्क दोन' हा पंप १९७० च्या दशकात सोलापूरच्या पोलादी पंपावरून, युनिसेफच्या सहभागाने विकसित झाला. त्याचे सिलिंडर खोल पाण्यातच बुडालेले असते. त्यामुळे वरून पाणी ओतून काहीही साधत नाही. दांडा एकाएकी हलका झाला तर आतील सळई तुटली अथवा सांध्यात सुटली असावी. पाणी महिनोन्‌महिने कमी होत गेले असेल तर वाट्या झिजल्या आहेत, आणि त्या बदलण्यासाठी नळ वर काढावे लागतात. रात्रभरानंतर सकाळी पुष्कळ झटके मारल्यावर पाणी येत असेल, तर तळाची झडप किंवा नळाचा सांधा गळतो. म्हणून पंचायतीने दुरुस्ती पथकाकडे पाठविण्याच्या पत्रात नुसते 'पंप बंद' असे न लिहिता, पाणी एका दिवसात थांबले की हळूहळू कमी झाले, दांडा हलका आहे की जड, आणि सकाळी पहिले पाणी येण्यास किती झटके लागतात, एवढे नमूद करावे. त्यावरून पथकाला सोबत सळई न्यायची की वाट्या, हे निघण्यापूर्वीच ठरविता येते.