वरून विझलेली, आतून पेटलेली

जानेवारी २०१६ चा शेवटचा आठवडा आठवतोय? तुम्ही मुंबईत राहत असाल, तर त्या दिवसांत शाळेत निघताना हवेला जळक्या प्लास्टिकचा वास आला असेल. देवनारच्या डम्पिंग ग्राउंडला आग लागली होती. धूर इतका, की नासाच्या उपग्रहालाही तो दिसला. आजूबाजूच्या भागातल्या महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आगीचे बंब दिवसरात्र पाणी मारत होते. तरी मार्चमध्ये तिथे पुन्हा मोठी आग लागली.

इतकं पाणी ओतूनही असं का होतं? कारण डम्पिंगची खरी आग आपल्याला दिसतच नाही. ज्वाळा दिसतात त्या वरच्या. मूळ आग असते कचऱ्याच्या पोटात.

पोटात काय शिजतं?

आपण भाजीची देठं, शिळा भात आणि प्लास्टिक एकाच पिशवीत टाकतो. डम्पिंगवर त्यावर आणखी कचरा पडत जातो आणि ओला कचरा आत दाबला जातो. तो कुजताना उष्णता तयार होते, आणि भोवतीचा कचराच गोधडीसारखा ती धरून ठेवतो. आतला ऑक्सिजन संपला की वेगळे जिवाणू कामाला लागतात आणि मिथेन बनवतात. डम्पिंगमधून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेनच असतो.

गंमत म्हणजे नुसता मिथेन पेटत नाही. हवेत त्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असेल तरच तो भडकतो. म्हणजे घात करते ती आत शिरणारी हवा. उतारावरचा ढिला कचरा, उन्हाने पडलेल्या भेगा यांतून ती आत जाते. मग आतला गरम कचरा आपोआप धुमसू लागतो, किंवा वर कुणी तारेतलं तांबं काढायला प्लास्टिक जाळलं, की ठिणगी तयारच. चुलीत राखेखालचा निखारा सकाळपर्यंत जिवंत राहतो ना, तसंच हे.

पाणी का पुरत नाही?

वरून मारलेलं पाणी सोपी वाट शोधतं. पिशव्यांवरून घसरत एखाद्या फटीतून खाली निघून जातं. धुमसणारा भाग कोरडाच राहतो. वर धूर थांबतो, आत काम चालूच. शिवाय आत जळून पोकळी झालेली असते. वर उभा माणूस किंवा यंत्र खाली खचू शकतं. एखादी जागा अचानक बसली, थंडीत तिथून वाफ निघाली किंवा कार्बन मोनॉक्साइड मोजताना आकडा चढला, तर खाली आग आहे असं समजायचं.

मार्च २०२३ मध्ये कोचीच्या ब्रह्मपुरममध्ये हेच दिसलं. जवळपास बारा दिवस आग चालली. शेवटी उपयोगी पडली ती पोकलेनने कचरा उकरून खोलवर पाणी घालण्याची पद्धत. यात क्रम महत्त्वाचा. आधी थर्मल कॅमेऱ्याने गरम भाग शोधायचा. मग खंदक खणून तो बाकीच्या ढिगापासून तोडायचा. नंतर थोडा थोडा कचरा बाहेर काढून पसरायचा, भिजवायचा, थंड झाला की दाबून मातीने झाकायचा. एकदम मोठा भाग उघडला तर हवा मिळून आग भडकते, म्हणून बंब शेजारी तयार हवाच.

धूर आला तर?

हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड असते. धूर वर न जाता खालीच अडकतो. म्हणजे तुमच्या मॉर्निंग वॉकची वेळ सगळ्यात वाईट. या धुरात पीएम २.५ चे बारीक कण, कार्बन मोनॉक्साइड आणि पीव्हीसी जळल्याने डायऑक्सिनसारखी विषारी रसायनं असतात. तोंडाला रुमाल बांधून हे कण अडत नाहीत. नीट बसलेला एन-९५ कण अडवतो, पण वायू नाही. त्यामुळे खिडक्या बंद करून घरात थांबणं किंवा धुरापासून लांब जाणं हाच खरा उपाय. दमा असलेल्या मित्राचा इनहेलर जवळ आहे ना, एवढं विचारा. छातीत दाटलं, श्वास लागला, तर वाट न बघता डॉक्टरकडे.

आग लागूच नये म्हणून

कचरा रोज दाबून वर मातीचा थर द्यायचा, म्हणजे हवा आत जात नाही. पाइप टाकून मिथेन बाहेर काढायचा. गोराईचं डम्पिंग बंद करताना ते झाकून वायू गोळा करण्याची सोय केली गेली. पण हे सगळं वायू तयार झाल्यावरचं. ओला कचरा ढिगात गेलाच नाही, तर मिथेन बनायला आत खाद्यच उरत नाही.

आता तुमच्या कॉलेजच्या कॅन्टीनमागे जाऊन बघा. ओल्या-सुक्याचे दोन डबे असतील. संध्याकाळी गाडी आली, की ते दोन्ही एकाच ढिगात रिकामे होतात का? होत असतील, तर पुढच्या आगीचं इंधन आपल्याच वड्यापावाच्या उरलेल्या चटणीत आहे.