रोलरखालची माती, इमारतीखालची माती

प्रश्न: कॉम्पॅक्शन आणि कन्सॉलिडेशन, दोन्हींत माती दबते. मग फरक काय?

उत्तर: बाहेर काय जाते ते पाहा. रस्त्याच्या भरावावर रोलर फिरतो तेव्हा मातीतली हवा निघते. हे काम काही मिनिटांचे. हे कॉम्पॅक्शन. पाण्याने भरलेल्या चिकणमातीवर कायमचा भार आला, की तिच्यातले पाणी हळूहळू झिरपते. हे कन्सॉलिडेशन. त्याला वर्षे लागतात.

जपानचा कान्साई विमानतळ 1994मध्ये सुरू झाला. त्याच्या कृत्रिम बेटाखालच्या वरच्या चिकणमातीत वाळूचे उभे स्तंभ घातल्याने तिच्यातले पाणी लवकर निघाले. खोलवरच्या थरांना तो उपाय पोचला नाही. म्हणून बेट अजूनही खचते आहे. तिथे रोलर निरुपयोगी आहे.